रविवारची यादी : शाळेचे निरोप एका कागदावर

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं, ताईंच्या आग्रहावरून लिहून काढलेलं)

आज कर्जाच्या हप्त्यांवर बोलायचं ठरलं होतं, पण मागच्या बैठकीत एक ताई रडल्या तो विषय आधी घेते. त्यांचा मुलगा आठवीत हुशार, सातवीला ५५ टक्क्यांच्या वर गुण, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. म्हणजे एनएमएमएस परीक्षेला बसायला पात्र. ही परीक्षा पास होऊन यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, चार वर्षांचे ४८,०००. फॉर्म शाळा भरते, पालकांनी फक्त कागद द्यायचे. पण कागद मागणारा निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर 'शुभ सकाळ' आणि 'धन्यवाद सर' यांच्या खाली गेला. ताईंनी तो वाचला तेव्हा तारीख उलटली होती.

सर म्हणाले, "मी ग्रुपवर टाकलं होतं." खरंच टाकलं होतं. ताईही रोज मोबाईल बघत होत्या. दोघंही खोटं बोलत नव्हते, म्हणून मला वाटलं की चूक माणसाची नाही, पद्धतीची आहे.

आपल्यातल्या दुसऱ्या एका ताईंकडे मी दोन रविवार बसले. त्यांना तीन मुलं. धाकटी जिल्हा परिषद शाळेत तिसरीला, तिथला निरोप व्हॉट्सॲपवर. मोठा गावच्या हायस्कुलात आठवीला, त्याचा वेगळा ग्रुप. मधली तालुक्याला इंग्रजी माध्यमात सहावीला, त्या शाळेचं ॲप. ॲप उघडतं नवऱ्याच्या नंबरवर, आणि नवरा कामाला पुण्यात. वर एक ईमेल, फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्यानं काढून दिलेला, ज्याचा पासवर्ड त्याच्याच वहीत! आधी ते सोडवलं. पासवर्ड बदलून ईमेल ताईंच्या मोबाईलवर घेतला. शाळेत अर्ज देऊन ॲपला त्यांचा नंबर लावायला सांगितलं. ते होईपर्यंत नवऱ्यानं शनिवारी रात्री ॲपमधल्या निरोपांचे फोटो पाठवायचे.

मग रविवारी जेवणं झाल्यावर अर्धा तास. गटाच्या वहीसारखीच एक जुनी वही घेतली. मागच्या रविवारी जिथं थांबलो तिथून चारही ठिकाणचे निरोप वाचत यायचं. प्रत्येक निरोपातून चारच गोष्टी काढायच्या: कोणत्या मुलाचं, काय द्यायचं किंवा करायचं, कुठं, कधीपर्यंत. यातलं काही निघत नसेल तर तो निरोप नाही, नुसती गप्पा आहे, सोडून द्या. कामाचा मेसेज दाबून धरला की वर चांदणी येते, ती दाबा. मग तो हरवत नाही. ग्रुपवर मेसेज आपोआप पुसण्याची सोय चालू असेल, तर भरवसा वहीवरच ठेवा.

त्या रविवारी, ५ तारखेला, साठेक मेसेजमधून कामाचे निघाले सहा. त्यातही दोन जोड्या होत्या. धाकटीची पालकसभा आधी गुरुवारी ११ वाजता लिहिली होती, दोन दिवसांनी दुसरा मेसेज, शुक्रवारी ३ वाजता. अशा वेळी नंतरचा मेसेज धरायचा, पण तो बाईंनी स्वतः टाकलेला हवा. कुणा पालकानं पुढं ढकललेला असेल तर बाईंना एक फोन करायचा. दुसरी जोडी मधलीच्या फीची. ॲपवर २,४०० आणि ईमेलवर ३,०००. ताई घाबरल्या, दोन्ही भरायचे की काय! ऑफिसात विचारलं तर ३,००० मध्ये बसचे ६०० धरलेले. म्हणजे काम एकच, आकडा मोठा. वहीत १५ तारखेपर्यंत ३,००० अशी एकच ओळ.

सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'उद्या'. 'उद्या निळा ड्रेस घालून पाठवा' असा मेसेज मंगळवारचा असेल तर तो बुधवारसाठी होता, रविवारी वाचणारीसाठी सोमवार नव्हे. मेसेज कधी आला ते बघूनच वहीत तारीख घाला. आणि पीडीएफ आली तर उघडाच. वर 'महत्त्वाची सूचना' एवढंच लिहिलेलं असतं, तारीख आत दुसऱ्या पानावर. मोबाईलची जागा भरली म्हणून फाईल उतरत नसेल तर लगेच जागा करा. फार दिवसांनी ती उतरत नाही, परत मागावी लागते.

आता खरी गोष्ट. मोठ्याच्या ग्रुपवरची पीडीएफ एनएमएमएसचीच होती. सरांकडे कागद द्यायची तारीख १८, ऑनलाईन फॉर्मची शेवटची तारीख २४. ताईंनी वहीत '२४' लिहिलं. मी म्हणलं, थांबा. २४ शाळेसाठी आहे, आपली १८. आणि उत्पन्नाचा दाखला कुठाय? घरातल्या जुन्या दाखल्याची मुदत संपलेली. नवीन दाखल्याला पंधरा दिवस धरून चालायचं. ताई तालुक्याला जातात मंगळवारी, बाजाराच्या दिवशी. मंगळवार ७ ला सेतूत अर्ज दिला तर दाखला २२ पर्यंत. १८ तर हुकली. म्हणून सोमवारीच सरांना फोन केला. सर म्हणाले, "१८ ला अर्जाची पावती द्या, दाखला २४ च्या आत आणा." हाच निरोप ताईंनी पुढच्या रविवारी वाचला असता, तर अर्ज १४ ला, दाखला २९ ला, आणि मागच्या बैठकीतल्या ताईंसारखंच झालं असतं.

म्हणून वहीत शेवटची तारीख लिहून भागत नाही. काम कधी उचलायचं तो दिवस लिहायचा, आणि तोही आपल्या आठवड्यातला. त्यांची यादी अशी झाली:

सोमवार – मोठ्याच्या सरांना फोन, फीच्या आकड्याबद्दल ऑफिसला फोन.
मंगळवार (बाजार) – सेतूत उत्पन्नाचा अर्ज, पावती जपून. मधलीची फी ३,०००, पावतीचा फोटो.
शुक्रवार ३ वाजता – धाकटीची पालकसभा, मजुरीला अर्धा दिवस सुट्टी सांगायची.
पुढच्या रविवारी बघायचं – १८ ला पावती सरांकडे.

एवढंच. कागद चुलीजवळच्या भिंतीला, झालेल्या कामावर रेघ. मंगळवारी शाळा आणि सेतू एकाच फेरीत झाले, एसटीचं एक भाडं वाचलं ते वेगळं.

या यादीत सगळं मावत नाही हेही सांगते. पावसानं शाळेला सुट्टी, असले निरोप रविवारची वाट बघत नाहीत. त्यासाठी रोज सकाळी फक्त शिक्षकांचे मेसेज नजरेखालून घाला. काही निरोप मोबाईलवर येतच नाहीत, पोराच्या तोंडी येतात. म्हणून रविवारी मुलांना शेजारी बसवून दप्तर उघडायला लावा. त्या ताईंच्या धाकटीच्या दप्तरात दोन आठवड्यांपूर्वीची संमतीची चिठ्ठी निघाली, चिंचेच्या बोटुकासोबत.

आणि 'शिष्यवृत्ती मंजूर, लिंक उघडा, ओटीपी द्या' असा मेसेज आला तर तो वहीत चढवायचा नाही. आधी मुख्याध्यापकांना विचारा.

ज्यांना वाचायला जड जातं त्यांनी सातवी-आठवीच्या पोरीला वाचायला बसवा, वही मात्र स्वतः धरा. पुढच्या बैठकीला येताना दोन रविवारची वही घेऊन या. कुठं अडलं ते बघू, आणि मग राहिलेले हप्ते काढू.