दळीच्या दाव्यात आमची एकच विनंती

(लॉ कॉलेजच्या अभिरूप न्यायालयात वाडीच्या बाजूने आम्हाला बोलायला बोलावले होते. प्रकरण कॉलेजने रचलेले होते, पण कायदा खरा आणि पेण-रोह्याचे डोंगरही खरे. हे आमच्या गटाचे शेवटचे भाषण. वाड्यांवर वाचून दाखवावे.)

माननीय न्यायमूर्ती,

दोन्ही बाजूंचे म्हणणे झाले. सरकारी वकिलांनी तासभर नकाशा दाखवला. आम्ही थोडक्यात बोलतो आणि शेवटी एकच गोष्ट मागतो.

आमचे अर्जदार पेण आणि रोहा यांच्यामधल्या डोंगरातल्या कातकरी वाडीचे. दावा साडेतीन एकरांचा, म्हणजे एक हेक्टर बेचाळीस आर. ग्रामसभेने जागा पाहिली, ठराव केला, दावा मान्य केला. पुढे उपविभागीय समितीने तो फेटाळला. कारण काय दिले, तर "उपग्रह नकाशात लागवड दिसत नाही, लेखी पुरावा अपुरा." जिल्हा समितीने त्याखाली एक ओळ लिहिली, "निर्णय कायम." बस. वनहक्क कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय शेवटचा असतो, तेव्हा आम्हाला घटनेच्या कलम २२६ खाली रिट घेऊन या कोर्टात यावे लागले.

आता तो नकाशा. आमची शेती कशी असते ते आधी सांगायला हवे, नाहीतर नकाशा वाचताच येत नाही. दळी ही डोंगराच्या उतारावरची जागा. तिथे नाचणी आणि वरी होते. ऐनाच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, राब भाजायचा, रोप करायचे आणि पाऊस लागला की लावणी. दिवाळीच्या आगेमागे पीक काढून झाले की रान परत गवताचे. काही वर्षे पीक घेतले की तो तुकडा विसाव्याला सोडायचा आणि शेजारचा धरायचा. ऐन आम्ही मुळासकट काढत नाही, कारण पुढच्या वर्षीचा राब त्याच्याच फांद्यांचा.

मंग वरून काय दिसणार? पावसाळ्यात ढग. उन्हाळ्यात वाळलेले गवत आणि फांद्या तोडलेली झाडे. विसाव्याचा तुकडा तर जंगलच दिसणार. समितीच्या आदेशात छायाचित्र कुठल्या वर्षाचे, कुठल्या महिन्याचे, तेवढेसुद्धा लिहिलेले नाही. फेब्रुवारीतला फोटो बघून नाचणी नाही म्हणणे, म्हणजे मे महिन्यात नदी बघून पाऊस पडतच नाही म्हणण्यासारखे आहे. आम्ही उपग्रहाच्या विरोधात नाही. २०१२ साली वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली. त्यातला नियम १२ अ सांगतो की उपग्रहाची चित्रे इतर पुराव्याला जोड म्हणून घेता येतील, त्याच्या जागी घेता येणार नाहीत. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये हीच भूमिका घेतली. समितीने जोडपुराव्याला एकमेव पुरावा केले, ही तिची पहिली चूक.

दुसरे, "लेखी पुरावा अपुरा." तोच नियम म्हणतो की अमुकच प्रकारचा कागद आणा असा हट्ट समितीने धरायचा नाही. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे आणि त्यातले एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे आहेत. आमच्या फाइलमध्ये चार आहेत. अर्जदाराच्या आज्याच्या नावाचे दळी बुक. १९८८ सालची वनखात्याची दंडाची पावती. उतारावर रचलेल्या दगडी बांधांचा पंचनामा. आणि दोन म्हाताऱ्या माणसांचे जबाब, त्यातले एक शेजारच्या कुणबी गावचे, ज्यांचा या जमिनीत काही संबंध नाही. आदेशात या चारांपैकी एकाचेही नाव नाही. नाकारले असते तर का नाकारले ते वाचून आम्ही उत्तर दिले असते. पण वाचलेच नाही, त्याला काय उत्तर देणार?

सरकारी वकील म्हणाले की दंडाची पावती म्हणजे अतिक्रमणाचा कबुलीजबाब. आम्ही म्हणतो, तुमच्याच गार्डाने तुमच्याच शिक्क्याने लिहून दिले की १९८८ साली हा माणूस या जागेत शेती करत होता. कायद्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा हवा आहे. ही पावती त्याच्या सतरा वर्षे आधीची.

ते असेही म्हणाले की दळी बुक हा परवाना होता, हक्क नव्हे. बरोबर, त्या काळी परवानाच होता. म्हणून तर २००६ च्या कायद्यात कलम ३(१)(छ) आहे. स्थानिक प्राधिकरणाने किंवा राज्य सरकारने वनजमिनीवर दिलेले पट्टे, भाडेपट्टे, अनुदाने यांचे मालकीपत्रात रूपांतर करून मिळण्याचा हक्क त्यात आहे. आणि दळी बुक बाजूला ठेवले तरी कलम ३(१)(क) उरतेच. त्याला कसणे लागते, बुक लागत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही लपवत नाही. दळी बुकावर नायकाचे नाव आहे आणि पुढे "व इतर." क्षेत्र सगळ्या गटाचे मिळून आहे. त्यातला आमच्या अर्जदाराचा तुकडा कुठून कुठपर्यंत, हे बुक सांगत नाही. ग्रामसभेचा नकाशाही हाताने काढलेला आहे. साडेतीन एकर म्हणजे नेमके किती, हे जागेवर जाऊन, शेजारच्या दळीवाल्यांना उभे करून, मोजूनच ठरेल. वकील म्हणतात, हद्द कळत नाही म्हणून फेटाळा. नियम १२ अ उलटे सांगतो. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला किंवा आणखी तपासणीची गरज दिसली, तर दावा फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे फेरविचाराला परत पाठवायचा.

इथेच आमच्या विनंतीचा मुद्दा येतो. तयारी करताना आमच्यातच वाद झाला. कोणी म्हणाले, कोर्टाकडे पट्टाच मागू. कोणी म्हणाले, नुकसानभरपाई मागू, बेदखल न करण्याचा आदेश मागू, अधिकाऱ्यावर कारवाई मागू. पण हे कोर्ट डोंगर चढून बांध मोजणार नाही. रिटमध्ये कोर्ट बघते ते एवढेच की अधिकाऱ्याने कायद्याने सांगितलेल्या रस्त्याने निर्णय घेतला का. पट्टा मागितला तर "हा वस्तुस्थितीचा वाद आहे" म्हणून सगळाच अर्ज जाऊ शकतो.

आणि घराबाहेर काढण्याची भीती? ती खरी आहे. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना काढण्याविषयी आदेश दिला, तेव्हा वाड्यावाड्यांत झोप उडाली होती. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. पण कलम ४(५) नीट वाचा. दाव्याची पडताळणी पूर्ण होत नाही तोवर ताब्यातल्या जमिनीवरून कोणाला काढता येत नाही. फेटाळणीचा आदेश उठला की पडताळणी पुन्हा सुरू आणि हे संरक्षणही पुन्हा चालू. त्यासाठी वेगळे मागायला नको. एका मागणीच्या पोटात दुसरी येते.

म्हणून न्यायमूर्ती, आमची विनंती एकच आहे, आज सही करता येईल अशी:

जिल्हा स्तरीय समितीचा दावा फेटाळण्याचा निर्णय रद्द करावा आणि हा दावा ग्रामसभेकडे परत पाठवावा. वन आणि महसूल खात्याचे अधिकारी हजर असताना, पावसाळ्यात पीक उभे असताना, ग्रामसभेने जागेची पाहणी व मोजणी करावी. त्यानंतर दोन्ही समित्यांनी चारही पुराव्यांवर कारणे लिहून सहा महिन्यांत नव्याने निर्णय द्यावा.