हौदाला आधी माप द्या



त्रैराशिक आपण सर्वांनी शाळेत घोटलेले आहे असे मी गृहीत धरतो, आणि सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसणारे जे उमेदवार समोरच्या रांगेत वह्या उघडून सज्ज आहेत, त्यांना प्रारंभीच निराश करतो : सूत्र मी एकही देणार नाही. (हशा.) माझे मत, ज्याला माझे स्नेही हट्ट म्हणतात, एवढेच आहे की काळ-काम-वेगाच्या उदाहरणात दिवसांची किंवा तासांची बेरीज-वजाबाकी करू नये, ती करावयाची असते कामाची, आणि त्यासाठी कामाला आधी माप द्यावे लागते.

एक मजूर दुसऱ्याहून ५० टक्के अधिक कार्यक्षम आहे. दुसरा एक भिंत २४ दिवसांत बांधतो. पहिल्यास किती दिवस लागतील? ('बारा!' असा सभागृहातून आवाज.) पाहा, हा आवाज येणार हे मला ठाऊक होते! आपण दिवस निम्मे केलेत; वाढले आहे ते रोजचे काम. दुसरा रोज २ भाग बांधतो असे धरले, तर पहिला ३ बांधतो. भिंत ४८ भागांची होते आणि पहिल्याला १६ दिवस लागतात. दोघे एकत्र लागले तर रोज ५ भाग होतात, म्हणजे ९ दिवस आणि दहाव्या दिवसाचे तीन पंचमांश.

ही दृष्टी माझ्या पदरची नव्हे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त चार झऱ्यांचे उदाहरण आहे : एक झरा हौद एका दिवसात भरतो, बाकीचे अर्ध्या, एक-तृतीयांश आणि एक-षष्ठांश दिवसात. आचार्य काळ मिळवीत नाहीत. ते कालांश उलटवितात, म्हणजे झरे दिवसाला अनुक्रमे १, २, ३ आणि ६ हौद भरतात, एकूण १२, म्हणून एक हौद दिवसाच्या बाराव्या हिश्श्यात भरतो. आणि आचार्यांचे नाव निघालेच आहे तर सांगतो, चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाची ती सनद असून तिचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि गंमत अशी की तेथे ज्योतिष बाजूस राहून बाजारातील मालावर मठासाठी काय घ्यावयाचे याची तपशीलवार व्यवस्था... अध्यक्षांची चिठ्ठी आली. पंधरा मिनिटे उरली म्हणतात. असो, सनदेवर पुन्हा कधीतरी बोलू.

आता मुख्य उदाहरण घेऊ. पहिला नळ हौद १२ तासांत भरतो, दुसरा १५ तासांत, आणि तळाची मोरी भरलेला हौद १० तासांत रिकामा करते. तिन्ही संख्यांचा लसावि ६०, म्हणून हौद ६० घागरींचा माना. पहिला नळ ताशी ५ घागरी आणतो, दुसरा ४ आणतो, मोरी ६ नेते. तिन्ही एकदम उघडली तर ताशी ३ घागरींची शिल्लक पडते आणि २० तासांत हौद भरतो. (पाणीपुरवठा खात्यातील एका श्रोत्याने हात वर केला.) तुमचा आक्षेप मला मान्य आहे, पातळी उतरते तशी मोरीची धारही मंदावते. परंतु परीक्षक ती स्थिर मानतो, आणि मीही आज परीक्षकाच्याच पक्षात उभा आहे. (हशा.)

खरी फसगत पुढे आहे. तीच तिन्ही एकेक तास, पाळीपाळीने उघडली तर? उमेदवार म्हणतो, तीन तासांच्या फेरीत ३ घागरी, म्हणून ६० तास. हे उत्तर चूक आहे, कारण त्याने फक्त फेरीअखेरची शिल्लक पाहिली. फेरीच्या मध्यावर, दोन्ही नळ होऊन मोरीची पाळी येण्यापूर्वी, पाणी ९ घागरींनी चढलेले असते, याची त्याने दखलच घेतली नाही. म्हणून ६० मधून ९ वजा करून ५१ वर थांबावे. १७ फेऱ्या, म्हणजे ५१ तास झाले की हौदात ५१ घागरी असतात. पुढच्या तासाला ५६, त्यापुढच्या तासाला ६०, आणि ५३ व्या तासाअखेर हौद काठोकाठ भरतो. मोरीची पाळी येतच नाही. १६ फेऱ्यांनंतर हे घडले नसते का? नाही, तेव्हा शिल्लक ४८ असते आणि ९ चढूनही पाणी ५७ वरच राहते.

घंटा वाजली, तरी वेळ मागून एवढे सांगतो. हीच पाळी मोरीपासून सुरू केली तर काय होईल? नुसती आकडेमोड करणारा पहिल्या तासाला उणे ६ घागरी मांडतो आणि पुन्हा ६० वर पोचतो. पण रिकाम्या हौदातून मोरी काय नेणार! पहिला तास फुकट जातो, तीन तासांअखेर पाणी ९ घागरी असते, आणि पुढे दर फेरीला ३ वाढून अठराव्या फेरीच्या शेवटी ६० होते, म्हणजे ५४ तास. ज्यांच्या वहीत ६० लिहिलेले आहे त्यांनी बाहेर जाताना दाराशी मला भेटावे.