माशाच्या तेलाची कॅप्सूल: लेबल, पुरावा आणि प्रिस्क्रिप्शन



आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर अधूनमधून येऊन पडणाऱ्या एका डबीविषयी आज बोलतो. ती पुढे सरकवत पेशंट विचारतो, ‘‘डॉक्टरसाहेब, हार्टसाठी हे चालू ठेवू ना?’’

डबी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. पुढे ‘1000 मिलिग्रॅम’ असं ठळक लिहिलेलं असतं; तो तेलाचा आकडा. आपल्या कामाचे घटक दोन, ईपीए आणि डीएचए. दुकानातल्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ते 180 आणि 120, म्हणजे दोन्ही मिळून 300 मिलिग्रॅम असतात. बाकी 700 मिलिग्रॅम इतर चरबीच.

रोज एका ग्रॅमने हृदयाचं रक्षण होतं का? 1999 साली इटलीच्या ‘गिसी’ चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना फायदा दिसला आणि या गोळीचा बोलबाला झाला. पण त्या चाचणीत प्लासिबो नव्हता आणि स्टॅटिनही आजच्यासारखं सर्रास दिलं जात नव्हतं. 2018 साली ‘असेंड’ चाचणीचे निकाल आले. सुमारे साडेपंधरा हजार मधुमेही, सरासरी सात वर्षांहून जास्त काळ. गंभीर रक्तवाहिनीविकार तेल घेणाऱ्यांत 8.9 टक्के, ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांत 9.2 टक्के. हा फरक धरण्याजोगा नाही. त्याच वर्षी ‘व्हायटल’ चाचणीतही मुख्य निकाल नकारार्थीच आला. तेव्हा पेशंटला स्पष्ट सांगावं: हृदयासाठी म्हणून ही डबी विकत घेऊ नका.

मग ‘रिड्यूस-इट’चं काय? त्यात भारतातलेही रुग्ण होते. औषध वेगळं होतं: शुद्ध ईपीए, रोज 4 ग्रॅम, तेही स्टॅटिनवर असून ट्रायग्लिसराइड चढलेल्यांना. हृदयविकाराच्या घटना 22 टक्क्यांवरून 17.2 टक्क्यांवर आल्या. मात्र प्लासिबो म्हणून खनिज तेल दिलं होतं आणि त्या गटात एलडीएल व सीआरपी वाढले. फायद्याचा काही भाग या वाढीचाच नसेल ना, ही शंका तिथूनच निघाली. 2020 मध्ये ‘स्ट्रेंग्थ’ चाचणीत ईपीए-डीएचए मिश्रणाचे 4 ग्रॅम मक्याच्या तेलाशी ताडून पाहिले. 12 आणि 12.2 टक्के, म्हणजे बरोबरीच. माझं मत असं: स्टॅटिन पूर्ण मात्रेत देऊनही धोका उरलेल्या निवडक रुग्णात शुद्ध ईपीएचा विचार करावा, पण वाद मिटला असं समजू नये. एट्रियल फिब्रिलेशन आणि रक्तस्राव थोडे वाढतात, म्हणून दर भेटीत नाडी पाहावी.

आता जिथे या औषधाचं काम निर्विवाद आहे तिथे येऊ. समजा, पंचेचाळिशीचा मधुमेही आला. सकाळी पोहे-जलेबी, रात्री दारू, एचबीएवनसी 11. लॅबवाला फोन करून सांगतो, सीरम दुधासारखं आहे. ट्रायग्लिसराइड 1800. इथे पहिली भीती स्वादुपिंडाला सूज येण्याची. हृदयाचं नंतर पाहू. पोटात कळ येऊन ती पाठीत जात असेल तर लगेच भरती करा. अशा सीरममध्ये अमायलेज फसवं नॉर्मल येऊ शकतं, म्हणून लायपेज आणि गरज पडल्यास सीटी.

कळ नसेल तर क्रम असा: दारू बंद, तेल-तूप अगदी कमी, साखर ताब्यात, गरज पडली तर इन्सुलिन. थायरॉइड तपासा, स्टेरॉइड किंवा इस्ट्रोजेन चालू आहे का ते विचारा. मग फेनोफायब्रेट आणि जोडीला शुद्ध केलेलं ओमेगा-3, रोज 4 ग्रॅम, जेवणासोबत. ‘मरीन’ चाचणीत 4 ग्रॅम ईपीएने ट्रायग्लिसराइड प्लासिबोच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश उतरले. हिशेब करा: 1800 चे 1200 होतील. धोका टळला नाही! उरलेली घट दारू, आहार आणि साखर यांतूनच काढावी लागते. मिश्रण दिलं असेल तर एलडीएल वाढू शकतं, म्हणून काही आठवड्यांनी लिपिड पुन्हा पाहा.

हे काम दुकानातल्या डबीवर भागवता येत नाही. शुद्ध मिश्रणाच्या एक ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये 840 मिलिग्रॅम ईपीए-डीएचए असतं. तशा चार कॅप्सूलची बरोबरी करायला साध्या सुमारे अकरा गिळाव्या लागतील आणि ज्याची चरबी आपण तोडली, त्याच्याच पोटात जवळपास आठ ग्रॅम इतर चरबी जाईल.

आपल्याकडचे पुष्कळ शाकाहारी पेशंट विचारतात, जवस चालेल का? जवस खुशाल खावं. पण त्यातल्या ओमेगा-3 चं शरीरात फारच थोडं ईपीए होतं, त्यामुळे या औषधाची जागा ते घेत नाही. शिवाय कॅप्सूल माशापासूनची आहे हे लिहून देण्याआधी सांगा. नाहीतर पेशंट घरी जाऊन ती गुपचूप बंद करतो आणि पुढचा रिपोर्ट पाहून आपण फेनोफायब्रेटला दोष देतो.

तेव्हा यापुढे चिठ्ठीवर नुसतं ‘फिश ऑइल’ लिहू नका. कोणतं ओमेगा-3, किती ग्रॅम आणि कोणत्या आकड्यासाठी, हे तिन्ही लिहा. तिसऱ्याचं उत्तर सुचत नसेल, तर ती ओळ खोडून टाका.