कॉलरपाशी साचलेला ढीग

(एका विद्यार्थी वसतिगृहातल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सोलापूरची. शाळेच्या गणवेशांसाठी आमचं शहर ओळखलं जातं, आणि माझी आई घरी मशीनवर तेच शिवायची. त्यामुळे शिवणकामाचं मला फार कौतुक नव्हतं. एम.ए. अर्थशास्त्राला असताना मात्र एका उन्हाळ्यात मी वर्गमैत्रिणीबरोबर तिच्या गावी तीन आठवडे राहिले. गाव ओरत्तनाडु, तंजावर जिल्ह्यातलं. सरफोजी राजांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र याच गावात आहे. ते बघायला आपली मराठी माणसं कधीमधी जातात. मी ज्या ठिकाणी बसले ते बघायला कुणी जात नाही. पत्र्याच्या छपराखाली आठ माणसं मिळून गणवेशाचे अर्ध्या बाह्यांचे शर्ट शिवत होती. मला तमिळ मोजकंच येत होतं, मैत्रीण सांगायची आणि मी वहीत मिनिटं लिहायची.

श्रमविभागणी म्हटलं की आपल्याला पुस्तकातला टाचण्यांचा कारखाना आठवतो. 1776 साली अ‍ॅडम स्मिथने लिहिलं की दहा माणसं कामाचे तुकडे वाटून घेतात तेव्हा दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या होतात. परीक्षेला आपण ते लिहितो आणि पुढं जातो. त्या छपराखाली मला ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

मास्तर कापड थरांवर थर टाकून एकदम कापायचे, म्हणून एका शर्टाला त्यांची दोनच मिनिटं यायची. कॉलर तयार करायला पाच मिनिटं. पुढची पट्टी आणि खिसा चार, खांदे जोडून कॉलर बसवणं चार, बाह्या लावून बाजू शिवणं चार, खालची दुमड दोन, काज-बटण तीन, आणि शेवटी धागे कापून इस्त्री तीन. बेरीज करा, सत्तावीस मिनिटं झाली. हाच शर्ट एकटा कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत करायला बसला तर त्याला तास लागतो. तो आळशी असतो असं नाही. कात्री ठेवून मशीनवर बसायचं, उठून काजाच्या मशीनकडे जायचं, इस्त्री तापायची वाट बघायची, यात वेळ जातो, आणि कुठल्याच एका कामावर हात तेवढा बसत नाही.

म्हणजे आठ जण सुटे बसले तर आठ तासांत चौसष्ट शर्ट. रांगेत बसले तर किती? इथं आपण चुकतो, सत्तावीस मिनिटांवरून हिशेब करायला जातो. रांगेचा वेग सर्वांत सावकाश टप्पा ठरवतो. कॉलरला पाच मिनिटं लागतात, म्हणून तासाला बारा, दिवसाला शहाण्णव. बाकीचे सात जण कितीही चपळ असले तरी सत्त्याण्णवावा निघत नाही. हे ओळखायला घड्याळही लागत नाही, बंडलांचा ढीग कुणापुढं साचतो तेवढं बघायचं. तिथं तो कॉलरवाल्या अक्कापुढं साचायचा आणि तिच्या पुढच्या खुर्च्या वाट बघत बसायच्या.

मालकांनी एक साधी गोष्ट केली. कॉलर शिवल्यावर तिच्या कडा छाटायच्या आणि ती उलटवून टोकं बाहेर काढायची, हे एका मिनिटाचं काम अक्काकडून काढून शेवटच्या धागे कापणाऱ्या मुलीला दिलं. अक्काचे पाचाचे चार झाले, मुलीचे तीनाचे चार. आता कुठलाच टप्पा चारापेक्षा मोठा उरला नाही. तासाला पंधरा, दिवसाला एकशे वीस. नवं मशीन नाही, नवं माणूस नाही.

याला मर्यादाही आहे. अशी रांग एकाच मापाचे शेकडो नग असतील तरच चालते. गणवेशाचा हंगाम संपला की बायका एकेक ब्लाऊज घेऊन येतात, प्रत्येकीचं माप वेगळं, गळा वेगळा. तेव्हा तीच माणसं सुटी बसतात, आणि ज्याला अख्खं कापड शिवता येतं त्यालाच काम मिळतं. ज्याला फक्त दुमड येते तो घरी. बाजार जेवढा मोठा तेवढीच विभागणी, असं स्मिथ म्हणतो त्याचा अर्थ हा.

आता मजुरीकडे येऊ, कारण पुस्तकात हा भाग आपण सहसा वाचत नाही. चार्ल्स बॅबेजने 1832 मध्ये दाखवलं की कामाचे तुकडे केल्याचा मालकाला आणखी एक फायदा होतो. प्रत्येक तुकड्याला जेवढं कसब लागतं तेवढ्याचेच पैसे द्यावे लागतात. सोपे आकडे धरू. पूर्ण कारागिराची रोजची मजुरी आठशे. असे आठ म्हणजे सहा हजार चारशे, शर्ट चौसष्ट, म्हणजे शर्टामागे शंभर रुपये. याच आठ जणांना रांगेत बसवून तीच मजुरी दिली तर शर्ट एकशे वीस, आणि शर्टामागे साधारण त्रेपन्न. ही बचत वेगाची. पण रांगेत सगळे आठशेचे लागतच नाहीत. मास्तरांना आठशे, कॉलरच्या दोघींना सातशे-सातशे, पट्टी आणि बाहीवाल्यांना पाचशे-पाचशे, दुमड आणि काजाला चारशे-चारशे, धागे कापणाऱ्या मुलीला तीनशे. बेरीज चार हजार तीनशे. शर्टामागे छत्तीस. त्रेपन्नाचे छत्तीस झाले ते कुणाचा हात वेगाने चालला म्हणून नाही, काम स्वस्त तुकड्यांत मोडलं म्हणून.

तरीही, धागे कापायला कमी कसब लागतं म्हणून तीनशे, हे क्षणभर मान्य करू. प्रश्न असा की त्या खुर्चीवर कोण आणि किती वर्षं? 1936 साली बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जो फरक दाखवला तो इथं लागतो: जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. नुसती श्रमाची विभागणी असेल तर माणूस आज इथं, उद्या तिथं बसू शकतो.

ती मुलगी दलित वस्तीतून यायची. चार वर्षं त्याच खुर्चीवर होती. जेवणाच्या सुट्टीत ती चिंध्यांवर सरळ शिलाई मारून बघायची, आणि सुई तुटेल म्हणून तिला उठवलं जायचं. मी असताना एक दिवस कॉलरवाली अक्का आली नाही. मुलीला कॉलर उलटवताना तिची घडण कळलेली होती, म्हणून मैत्रिणीने आणि मी मालकांना म्हटलं, बसवून बघा. त्यांनी बसवलं. धागे कापायला त्यांची बायको बसली. मुलीला एका कॉलरला सहा मिनिटं लागत होती. संध्याकाळी ऐंशी शर्ट झाले. एकशे विसाचे ऐंशी! मालकांनी वही माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, बघा, तुम्ही अर्थशास्त्र शिकता ना. दुसऱ्या दिवशी ती परत धाग्यांवर.

हिशेब खरा होता, मला उत्तर सुचलं नाही. शिकणाऱ्याचा हात सावकाश चालतो, आणि रांगेत एकाचा सावकाशपणा सगळ्यांना भोवतो.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच वहीची मागची पानं चाळली. मास्तरांच्या हाताखाली मालकांचा पुतण्या कापायला शिकत होता. मार्चमध्ये त्याने फर्मा सरकवून ठेवला आणि चाळीस थरांचा गळा अर्धा इंच खोल गेला. चाळीस शर्टांचं कापड वाया. मैत्रिणीने ती नोंद मला वाचून दाखवली. रकमेपुढं लिहिलं होतं, शिकण्याचा खर्च.