स्प्रिंटमध्ये मागून आलेली तिकिटं



चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आणि शहरात ठिकठिकाणी आठ-दहा जणांच्या छोट्या सॉफ्टवेअर टीम आहेत. त्यातल्या काही वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांसाठी काम करतात. स्टोअर, गेटपास, चलन, हजेरी अशी ती कामं. दोन आठवड्यांचा स्प्रिंट संपतो, सगळे रोज उशिरापर्यंत बसलेले असतात आणि तरी ठरलेलं काम पूर्ण झालेलं नसतं. मग अंदाज चुकला, माणसं कमी पडली, अशी चर्चा सुरू होते. ती सुरू होण्याआधी दोन याद्या शेजारी ठेवून बघाव्यात, एवढंच मला आज सांगायचं आहे. एक यादी स्प्रिंट सुरू झाला त्या दिवशीची, दुसरी शेवटच्या दिवसाची.

उदाहरणासाठी एक टीम डोळ्यांपुढे आणू. वाळूजच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यासाठी ती जॉबवर्क चलनाचं काम करते आहे. कारखाना माल प्लेटिंगला बाहेर पाठवतो, त्याचं चलन निघतं, माल परत आला की तो चलनावर जमा होतो. सोमवारी नियोजन झालं, 15 तिकिटं ठरली, त्यांचे मिळून 40 पॉइंट. शेवटच्या शुक्रवारी बोर्डावर 18 तिकिटं आहेत आणि बेरीज 44 पॉइंट दाखवते आहे. मॅनेजर म्हणतो, चारच पॉइंट वाढले, दहा टक्के, एवढं चालायचंच.

पण ही बेरीज फसवी आहे. याद्या ताडून पाहिल्या की दिसतं, 12 पॉइंटची पाच तिकिटं आत आली आणि 8 पॉइंटची दोन बाहेर गेली. आलं किती नि गेलं किती, हे वेगवेगळं मोजलं नाही, तर एक दुसऱ्याला झाकून टाकतं.

जिरा वापरणाऱ्यांना ही ताडणी फारशी अवघड नाही. तिथल्या Sprint Report मध्ये स्प्रिंट सुरू झाल्यावर आलेल्या तिकिटापुढे फुली असते, आणि काढून टाकलेल्या तिकिटांची यादी खाली वेगळी येते. ज्यांच्याकडे जिरा नाही त्यांनी नियोजन संपल्याबरोबर तिकीट क्रमांक, नाव आणि पॉइंट एका एक्सेल फाइलमध्ये उतरवून ठेवावेत आणि त्या फाइलला पुन्हा हात लावू नये.

इथे एक चूक नेहमी होते. मागून आलेली तिकिटं शोधताना लोक तिकीट कधी तयार झालं ती तारीख बघतात. बॅकलॉगमध्ये तीन महिने पडून असलेलं तिकीट बुधवारी कुणी उचलून स्प्रिंटमध्ये टाकलं, तर त्याची तारीख जुनीच राहते आणि ते आपल्या हातून निसटतं. आपल्याला हवी असते ती स्प्रिंटमध्ये शिरल्याची तारीख. ती तिकिटाच्या History मध्ये मिळते.

आता ती पाच तिकिटं एकेक करून उघडू. पहिलं एका पॉइंटचं आहे. त्याचं बोलणं नियोजनातच झालं होतं, फक्त तिकीट मंगळवारी उघडलं. फुली आहे, पण हे वाढलेलं काम नव्हे. नोंदीला उशीर झाला, इतकंच. दुसरं दोन पॉइंटचं. ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये वाहन क्रमांक जात नव्हता, गाडी गेटवर उभी होती, ते तातडीनं दुरुस्त करावंच लागलं. हीसुद्धा नवी मागणी नव्हे. मात्र अशी दुरुस्ती दर स्प्रिंटला येत असेल, तर तिच्यासाठी नियोजनातच जागा राखायला हवी.

उरली तीन. चलनावर मालाचा हीट नंबर छापा, तीन पॉइंट. प्लेटिंगवाल्याकडून आलेलं रिजेक्शन वेगळं दाखवा, पाच पॉइंट. यादी एक्सेलमध्ये काढता यावी, एक पॉइंट. कुणी स्टोअरमधून फोन केला, कुणी व्हॉट्सॲपवर लिहिलं, आणि डेव्हलपरनं भिडेखातर हो म्हटलं. हे नऊ पॉइंट म्हणजे खरी वाढ. मूळच्या 40 च्या साडेबावीस टक्के.

अजून एक वाढ आहे आणि तिला फुली नाही. ‘माल परत जमा करणे’ हे तिकीट पहिल्या दिवशी 3 पॉइंटचं होतं. बोर्डावर आकडा 3 च राहिला, पण शेवटी काम 8 चं झालं. काम समजून घेतल्यावर अंदाज बदलला असेल तर त्यात गैर काही नाही. पण इथे तिकिटाच्या वर्णनात मधेच एक ओळ आली: एका चलनाचा माल तीन हप्त्यांत आला तरी जमा व्हावा. क्रमांक तोच, नाव तेच, काम मात्र दुपटीहून जास्त झालं. म्हणून पहिल्या दिवशीच्या फाइलमध्ये जमलं तर पॉइंटांबरोबर ‘काम पूर्ण कधी म्हणायचं’ त्याच्या अटीही हव्यात. हे पाच धरले तर वाढ 14 पॉइंटवर जाते, म्हणजे 35 टक्के. बोर्डावरच्या बेरजेत मात्र यांचा पत्ता नसतो, कारण हे पाच तिथे कुणी चढवलेच नाहीत आणि बाहेर गेलेली तिकिटं तिला खाली ओढतात.

त्या बाहेर गेलेल्या तिकिटांकडे मी सगळ्यात बारकाईनं बघते. एक होतं दरबदलाच्या नोंदींचं, तीन पॉइंटचं. ते पुढे गेलं, हरकत नाही. दुसरं पाच पॉइंटचं: वर्ष पुरं होत आलेल्या चलनांची आठवण यादी. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटी कायद्यानं तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. कारखान्याच्या हिशेब खात्याला हवी होती ती ही यादी. रिजेक्शनचं तिकीट आत आलं, तेही पाच पॉइंटचं, आणि ही यादी बाहेर गेली. स्टोअरच्या माणसाला याची कल्पना नाही, हिशेब खात्याला तर नाहीच. कुणीही ठरवून हा बदल केलेला नाही.

स्क्रमचे कर्ते केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी 2020 च्या मार्गदर्शिकेत स्प्रिंटच्या मध्ये बदलाला मनाई केलेली नाही. उद्दिष्टाला धक्का लागेल असा बदल नको, आणि व्याप्ती बदलायची तर प्रॉडक्ट ओनरशी बोलून, असं ते सांगतात. त्यामुळे फुल्या मोजून डेव्हलपरला दटावण्यात अर्थ नाही. दटावलं की लोक तिकीट उघडणंच सोडतात, काम तोंडीच होतं आणि ताडणीला काही उरत नाही. याचा संशय आला तर कोडच्या नोंदी चाळाव्यात. तिकीट क्रमांक नसलेल्या नोंदी वाढू लागल्या की समजावं, काम यादीबाहेर चाललं आहे.

एका स्प्रिंटवरून निष्कर्ष काढू नये. चार-पाच स्प्रिंट ही ताडणी करावी आणि मागून आलेल्या प्रत्येक तिकिटावर दोन गोष्टी लिहाव्यात: मागणी कुणाची, आणि हे घेताना बाहेर काय गेलं. आपल्या उदाहरणात दुसऱ्या रकान्यात आठवण यादीचं नाव आलं असतं. मग प्रॉडक्ट ओनरनं त्याच दिवशी हिशेब खात्याला फोन लावला असता, आणि रिजेक्शन या स्प्रिंटमध्ये घ्यायचं की पुढच्या, हे त्या दोन खात्यांनी आपसात ठरवलं असतं.