यादीतलं आणि यादीबाहेरचं
(स्नेहसंमेलनातील मनोगत)



संयोजकांनी बजावलं होतं, ‘कामाबद्दल बोल, पण कॉम्प्युटरचं पुराण नको.’ म्हणून आज गिऱ्हाइकाला ‘नाही’ कसं म्हणायचं, ते सांगते. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कोणी शिकवलं नाही. मी एक गिऱ्हाईक गमावून शिकले.

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा पहिल्याच क्लायंटने ठरल्याबाहेरच्या पाच गोष्टी मागितल्या. दर वेळी मी ‘बघू, करून देते’ म्हटलं. मूळ काम दोन महिने लांबलं. ते चिडले, मी कुढत राहिले. ती पाच कामं जादा होती हे त्यांना कळलंच नाही, कारण मी ते कधी सांगितलंच नव्हतं.

मग आपल्याच बॅचमधल्या एका मित्राच्या मोठ्या भावाचं काम आलं. ट्रॉम्बेत लहानपणापासून त्यांच्या घरी जेवलेली मी, त्यांना दादाच म्हणते. त्यांचे 24 टँकर माहुलच्या बाजूने निघतात. फेऱ्यांची नोंद, बिलं आणि महिन्याचा हिशोब, एवढं सॉफ्टवेअर ठरलं. या वेळी मी कामाची यादी केली आणि खाली ‘यात काय नाही’ अशीही चार ओळींची यादी जोडली. दोघांनी सह्या केल्या.

काम संपायला तीन आठवडे होते. दादांचा फोन आला, “अगं, गाडी कुठे आहे ते नकाशावर दिसू दे ना. छोटंसंच तर काम आहे.”

मी फोनवर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विचारलं, “दादा, हे नेमकं कशासाठी हवंय?” कळलं, की गिऱ्हाइकं दिवसभर ‘टँकर कुठे पोचला’ म्हणून विचारतात आणि ऑफिसातला मुलगा वैतागतो. म्हणजे नकाशा हा त्यांनी शोधलेला उपाय होता. अडचण त्या फोनांची होती. “उद्या सकाळपर्यंत लिहून कळवते,” म्हटलं.

रात्री हिशोब केला. प्रत्येक गाडीत यंत्र आणि सिमकार्ड. मिनिटाला एक नोंद धरली, तर 24 गाड्यांच्या दिवसाला 34,560 नोंदी. शिवाय रात्री दोनला नकाशावरचा ठिपका थांबला, तर फोन कोणी उचलायचा? ‘छोटंसं काम’ असं असतं.

सकाळी मेल पाठवली, ती अशी:

“दादा, फोनांचा त्रास समजला. गाडी नकाशावर दाखवणं आपल्या यादीत नाही, त्यामुळे ते या कामात करणार नाही. दोन मार्ग सुचवते. एक, यंत्रासकट तयार सेवा भाड्याने मिळते, ती घ्या. मी नव्याने बनवण्यापेक्षा स्वस्त पडेल. ती आपल्या फेऱ्यांना जोडायला माझं दोन दिवसांचं काम, वेगळ्या बिलाचं, आणि तेही हे सॉफ्टवेअर चालू झाल्यावर. दुसरा, तोवर फेरीच्या नोंदीत ‘शेवटचा निरोप’ असा एक रकाना टाकते. ड्रायव्हरचा फोन आला की मुलाने तिथे लिहावं. हे तासाभराचं काम, बिलात दाखवेन आणि पुढे ‘सवलत’ लिहून वजा करेन. ठरलेली तारीख तीच राहील.”

यात मी ‘सध्या माणसं कमी आहेत’ असं कारण दिलं नाही. खोटं कारण दिलं की गिऱ्हाईक म्हणतं, ‘बरं, थांबतो,’ आणि महिन्याने तीच मागणी परत येते. रकाना फुकट दिला तरी बिलात दाखवला, कारण न दाखवलेली सवलत पुढच्या वेळी हक्क होते.

पण एक पथ्य. मागितलेल्या गोष्टीवाचून यादीतलं काम अडत असेल, तर ते जादा नव्हे. बिलावर कर चुकीचा येत असेल, तर तो दुरुस्त करणं माझंच काम. तिथे यादी पुढे करणं म्हणजे लबाडी.

दादा दोन दिवस गप्प होते. खरं सांगते, त्या दोन रात्री मला झोप नव्हती. गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं मिळतं, हे घर दुसरं कुठून मिळणार? तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, “आधी ठरलेलं संपव.” सॉफ्टवेअर वेळेवर सुरू झालं. पुढे त्यांनी तयार सेवा घेतली, दोन दिवसांचं जोडकामही मला दिलं आणि त्याचे पैसे न मागता आले.

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेले होते. चकलीचं ताट पुढे करत दादा म्हणाले, “अगं, एक काम होतं. पण आधी सांग, ते यादीतलं आहे की यादीबाहेरचं?”