गणित चुकते कुठे: सोडवताना की वाचताना?

पुस्तकातल्या गणिताचा मोबाईलवर फोटो काढायचा, तो एआयला द्यायचा आणि उत्तर मिळवायचे, ही पद्धत आता तेरखेड्यासारख्या गावातल्या दहावीच्या मुलामुलींनाही नवी नाही. उत्तर चुकले की आपण म्हणतो, यंत्राला गणित येत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. आकृतीच्या गणितात पुष्कळदा चूक होते ती सोडवायला सुरुवात होण्याआधी, आकृती वाचतानाच. म्हणून तपासणीही तिथेच व्हायला हवी.

एक उदाहरण घेऊ. त्रिकोण ABC मध्ये D हा बिंदू AB वर आणि E हा AC वर आहे. DE ही BC ला समांतर आहे. आकृतीत AD शेजारी ६, DB शेजारी ९ आणि AE शेजारी ४ लिहिले आहे. EC काढायची आहे. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाने ६/९ = ४/EC, म्हणून EC = ६. आता समजा, एआय मॉडेलने ९ हा आकडा DB चा न मानता अख्ख्या AB चा मानला. मग ते लिहील: ६/९ = ४/AC, म्हणून AC = ६ आणि EC = २. यातली प्रत्येक पायरी बरोबर आहे. प्रमेय खरे, गुणाकार खरा. ताळाही बसतो, कारण या वाचनात DB = ३ येते आणि ६ : ३ हे ४ : २ इतकेच आहे. म्हणूनच ‘पुन्हा तपासून पाहा’ एवढे सांगून भागत नाही. मॉडेल पायऱ्या पडताळते त्या त्याच चुकीच्या वाचनाच्या आधाराने, आणि त्या पायऱ्यांत दोष सापडत नाही.

असे का होते? फोटो मॉडेलच्या आत जाताना चौकोनी तुकड्यांत कापला जातो. २०२३ च्या लाव्हा-१.५ या खुल्या मॉडेलमध्ये चित्र ३३६ बाय ३३६ पिक्सेलचे केले जाते आणि त्याचे १४ पिक्सेलचे ५७६ तुकडे पडतात. चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो तिथे जवळजवळ बारापट आकसतो. समांतर रेषांवरचे बारीक बाण आणि काटकोनाची खूण त्यात पुसट होतात. नवी मॉडेल मोठे चित्र भागाभागाने पाहतात, त्यामुळे अक्षरे बरीच चांगली वाचली जातात. पण अक्षर ओळखणे वेगळे आणि ते कोणत्या रेषाखंडाचे आहे हे ठरवणे वेगळे.

यावर कोणी म्हणेल, फोटो स्वच्छ काढा, प्रश्न मिटेल. उजेड, सरळ पान, आकृतीपुरतीच चौकट यांनी फायदा होतो हे खरे. पण २०२४ च्या एका अभ्यासात संगणकाने काढलेल्या अगदी स्वच्छ आकृत्या तेव्हाच्या नामांकित मॉडेलांना दाखवल्या होत्या. दोन वर्तुळे एकमेकांना स्पर्श करतात का, दोन रेषा किती ठिकाणी छेदतात, इतके साधे प्रश्न होते, आणि तिथेही ती चुकत होती. त्याच वर्षीच्या मॅथव्हर्स या चाचणीत एकच गणित सहा रूपांत दिले होते. कुठे सगळी माहिती शब्दांत होती, कुठे ती अधिकाधिक आकृतीत हलवली होती. काही मॉडेलांची कामगिरी आकृती काढून टाकल्यावर उलट सुधारली. म्हणजे ती मुख्यतः शब्दांवरच चालत होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मॉडेल झपाट्याने सुधारत आहेत. सुधारत आहेत, हे मान्यच. पण आपल्या पुस्तकाचे स्वतःचे संकेत आहेत. बालभारती □ABCD लिहिते ते कोणत्याही चौकोनासाठी. वाचणाऱ्याने त्या खुणेला चौरस समजले, तर न दिलेल्या समान बाजू आणि काटकोन गणितात शिरतात. A-P-B म्हणजे P हा A आणि B यांच्या दरम्यान आहे, तिथे वजाबाकी नाही. शिवाय कच्च्या आकृतीत काटकोनासारखा दिसणारा कोन काटकोन असेलच असे नाही. दिसण्यावर विसंबायचे नाही आणि खुणांवर विसंबायचे, हा भेद कॅमेरा कितीही चांगला असला तरी उरतोच.

म्हणून आधी उत्तर मागू नये. आधी सांगावे: ‘सोडवू नको. कोणता बिंदू कोणत्या रेषेवर आहे, कोणता आकडा कोणत्या रेषाखंडाचा आहे, कोणत्या रेषा समांतर दिल्या आहेत आणि ते तुला कशावरून कळले, एवढेच लिही.’ आपल्या उदाहरणात तिथेच ‘AB = ९’ ही ओळ उघडी पडते. ती पकडायला प्रमेय यावे लागत नाही. पुस्तक समोर ठेवून आईवडीलही ती पकडू शकतात. चूक दिसली की ‘AD = ६, DB = ९, AE = ४, DE समांतर BC’ असे टाइप करून द्यावे आणि मगच सोडवायला सांगावे. मॉडेल आकृती पाहतच नसल्याची शंका असेल, तर आकृतीवर कागद ठेवून फक्त मजकुराचा फोटो नव्या संभाषणात द्यावा. लांबी आकृतीतच लिहिलेली असताना मॉडेलने ती न विचारता उत्तर दिले, तर ते आकडे त्याने स्वतःच धरलेले आहेत.